सफरचंदांची पिशवी आता नको

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपली रीत. त्यामुळे सफरचंदं, मोसंबी आणि प्रोटीन पावडरचा डबा ठरलेला. हॉस्पिटलमध्ये ते ठीक. पण उपचार संपवून घरी परतलेल्या मैत्रिणीच्या हाती तीच पिशवी दिली, की ‘तू अजून पेशंटच आहेस’ हे न बोलता सांगितलं जातं.

समजा, तिला स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. मूळची ती नाटकवेडी, भरतकामाची हौस असलेली. मग भरतकामाचं सामान द्यावं का? जरा थांबा. केमोच्या काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात आणि ते बधिरपण पुढे कित्येक महिने राहू शकतं. सुई धरता येत नसेल तर ते सामान कपाटातून तिला रोज टोचेल. बांगड्या, घड्याळ यांचंही तसंच. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, त्यामुळे त्यात घट्ट काही घालायचं नसतं. अत्तर आणि उग्र वासाच्या उदबत्त्या टाळाव्यात, कारण केमोनंतर काहींना वास सोसत नाहीत. स्कार्फ किंवा टोपी तिने मागितली तरच. ‘मी कॅन्सरला हरवलं’ छापाची पुस्तकं तर नकोतच. तो विषय तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आवड आजारापूर्वीची धरावी, बेत मात्र आताच्या ताकदीचा असावा. म्हणजे नाटकाचं तिकीट द्यावं, पण दुपारच्या प्रयोगाचं, कडेच्या खुर्चीचं, आणि तीन अंकी नाटकापेक्षा दीड-दोन तासांत संपणाऱ्या नाटकाचं. थकवा उपचारांनंतरही बरेच महिने रेंगाळतो आणि कधी गाठेल याचा नेम नसतो. म्हणून देतानाच सहज म्हणावं, “दोन तिकिटं काढलीत. त्या दिवशी कंटाळा आला तर सकाळी कळव, मी भाचीला घेऊन जाईन.” म्हणजे तिला आजाराचं कारण द्यावं लागत नाही. मध्यंतरात तब्येतीची चौकशी करू नये, नटांना नावं ठेवावीत.

किंमत हाही एक सापळा आहे. एरवी वाढदिवसाला पाचशेचं काही देणाऱ्याने एकदम पैठणी आणली, तर तिच्या मनात पाल चुकचुकणारच. ‘एवढं कशाला गं?’ असं ती ओशाळून म्हणाली, तर समजा की भेटीतून कीव दिसली. नेहमीच्या हिशेबातलंच द्यावं, आणि तेही तिचा वाढदिवस, दिवाळी अशा निमित्ताने. तुमच्या वाढदिवसाला ती काही घेऊन आली, तर ‘तू कशाला दगदग केलीस’ म्हणू नका. तिच्यासमोरच उघडा आणि वापरायला काढा.