कळी कधी खुडायची?

जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याची तोडणी पहाटे सुरू होते. हातात आलेल्या कळीला तेव्हा फारसा वास नसतो. तीच कळी मुंबईच्या बाजारात पोहोचते, गजऱ्यात ओवली जाते आणि संध्याकाळी उमलू लागली की घमघमते. मोगऱ्याच्या पाकळीत सुगंध आधीपासून साठवलेला नसतो. कळी उमलताना तो तयार होतो, आणि खुडल्यावरही हे काम काही तास चालू राहतं. त्यामुळे सगळं कौशल्य कळी निवडण्यात आहे. आज रात्री उमलणारी कळी पांढरी, टपोरी आणि मिटलेली असते. हिरवट, कोवळी कळी खुडली तर ती उमलतच नाही आणि वासही देत नाही. रात्री झाडावरच उमललेल्या फुलाचा बराचसा दरवळ सकाळपर्यंत संपलेला असतो. फुलेल करण्याच्या जुन्या पद्धतीत तिळांच्या थरांमध्ये ताजी फुलं पसरतात आणि ती पुनःपुन्हा बदलतात, ती याच गुणावर विसंबून. फुलातून निघत राहणारा सुगंध तीळ शोषून घेतात.

अत्तराच्या गुलाबाचं गणित उलटं. तो पहाटे उमलतो, तेव्हाच त्याच्या पाकळ्यांत सर्वाधिक तेल असतं. हे तेल पाकळीच्या वरच्या, पातळ थरातल्या पेशींत असतं, त्याला बंदिस्त कोठी नसते. ऊन चढलं की ते उडून जाऊ लागतं. म्हणून बल्गेरियातल्या कझानलाकच्या खोऱ्यात काय किंवा आपल्याकडे कनौजच्या परिसरात काय, खुडणी पहाटे सुरू करून ऊन तापण्याआधी आटोपतात. एक किलो तेलाला साधारण तीन ते चार टन फुलं लागतात, तेव्हा दुपारपर्यंत थांबणं परवडत नाही. खुडलेल्या फुलांचा ढीग रचून ठेवला तर तो आतून गरम होतो, फुलं काळवंडतात आणि आंबूस वास येतो. त्यामुळे ती त्याच दिवशी भट्टीवर चढवावी लागतात.

तुळशीला मात्र अशी कोठी असते. तिच्या पानांवर आणि मंजिरीवर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि तेल त्यांतच साठतं. पान चुरगळलं की त्या फुटतात, म्हणून न चुरगळता वास कमी आणि चुरगळल्यावर जास्त. तेल असं झाकलेलं असल्याने इथे घड्याळापेक्षा झाडाची अवस्था आणि हवामान महत्त्वाचं. तेलासाठी तुळस भरपूर फुलोऱ्यावर असताना, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, दव सुकल्यावर कापतात. पाऊस पडून गेल्यावर लगेच कापलेल्या पिकातून तेल कमी मिळतं. जमिनीपासून सुमारे 15 सेंटिमीटर बुंधा ठेवला की झाड पुन्हा फुटतं, आणि जाड काड्यांत तेल जवळपास नसल्याने त्या सोडल्याने काही बिघडत नाही.

घरी काढ्यासाठी तुळस वाळवायची असेल, तर हाच हिशेब धरावा: मंजिऱ्यांसकट कोवळे शेंडे खुडावेत आणि सावलीत वाळवावेत. कडक उन्हात पान हिरवं राहत नाही आणि तेलही उडतं.