दाजींची लिंक आणि मेहुण्याचे उत्तर

आयपीएल सुरू झाली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ठरावीक प्रकारचा मेसेज येऊन पडतो. ‘माझ्या लिंकवरून ॲप घ्या, ५०० रुपये भरा, ५०० बोनस मिळवा. मी कालच पैसे काढले, एकदम खात्रीचं.’ खाली लांबलचक लिंक. अनोळखी नंबरवरून हे आले असते तर कुणीही तो नंबर ब्लॉक केला असता. पण पाठवणारे असतात थोरल्या ताईचे यजमान, घरचे दाजी. आत्या सवयीने मेसेजखाली हात जोडते, कॉलेजात जाणारा भाचा मुकाट्याने लिंक उघडतो. ज्याला हे खटकते तो मेहुणा मात्र अडतो. जावयाला सगळ्यांदेखत बोलायचे कसे?

‘जुगार वाईट’ एवढेच लिहिले तर दाजी दुखावतील आणि मुद्दाही पोहोचणार नाही. कारण त्यांचे खरेच असते; त्यांना पैसे मिळालेले असतात. सुरुवातीच्या छोट्या रकमा बहुधा बिनबोभाट परत मिळतात, आणि त्या अनुभवावरच हा मेसेज उभा असतो. म्हणून उत्तर द्यायचे तर दाजींच्या हाती आलेला पैसा कुठून आला, इथपासून सुरुवात करायला हवी.

नाणेफेकीचेच उदाहरण घ्या. दोन्ही संघांना शक्यता समसमान. ॲपवर दोघांचाही भाव असतो समजा १.९०, म्हणजे १०० रुपये लावून जिंकलात तर १९० परत. एकाने या बाजूला १०० लावले, दुसऱ्याने त्या बाजूला १००. ॲपकडे २०० जमा झाले, जिंकणाऱ्याला १९० गेले, १० उरले. नाणे कसेही पडो, ॲपचे पाच टक्के सुटतात. सामन्याचा अंदाज बांधण्यात दाजी कितीही तरबेज असले तरी नाणेफेकीवर त्यांचे कौशल्य चालत नाही, आणि भाव ठरवणारा नेहमी समोरचाच असतो.

आता बोनस. तो लगेच काढता येत नाही. जमा रक्कम आणि बोनस मिळून अमुक पट खेळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, अशी अट बारीक अक्षरांत असते. ही अट दहापट धरू. ५०० भरले, ५०० बोनस मिळाला, म्हणजे एकूण दहा हजारांच्या पैजा लावायच्या. त्यावर पाच टक्क्यांनी सरासरी ५०० रुपये ॲपकडे परत जातात. फुकट दिलेला बोनस असा वसूल होतो. कुणी यात थोडे जिंकतो, कुणी अर्ध्यातच शून्यावर येतो. पण तोवर बहुतेकांना रोज संध्याकाळी ॲप उघडायची सवय लागलेली असते. पुढच्या दहा हजारांच्या पैजा स्वतःच्या खिशातून जातात.

लिंक पाठवणाऱ्याला काय मिळते, हा यातला सर्वांत नाजूक भाग. काही ठिकाणी नव्या माणसाने पहिले पैसे भरले की ठरावीक रक्कम मिळते. काही ठिकाणी मात्र त्या माणसाच्या तोट्यातला हिस्सा मिळतो. समजा, हिस्सा तीस टक्के आहे आणि भाचा हंगामभरात ५००० रुपये हरला. त्यातले १५०० दाजींच्या खात्यात येतील. दाजींनी हा हिशोब स्वतः मांडून पाहिला असता तर ती लिंक त्यांनी भाच्यापर्यंत पोहोचू दिली नसती. म्हणूनच हा हिशोब त्यांना कुणीतरी दाखवायला हवा.

पैसे भरायची पद्धतही बघण्यासारखी आहे. अशी ॲप बहुधा प्ले स्टोअरवर नसतात. लिंकवरून एपीके फाइल उतरते आणि फोन अनोळखी ठिकाणाहून आलेल्या ॲपबद्दल इशारा देतो. पैसे भरायला गेले की कंपनीचे नाव दिसत नाही. कुणा भलत्याच व्यक्तीचा किंवा दुकानाचा यूपीआय आयडी येतो, आणि पुढच्या वेळी तो बदललेला असतो. ही भाड्याने घेतलेली खाती. फसवणुकीचा पैसाही अशाच खात्यांतून फिरवला जातो. त्या खात्यातून जिंकल्याचे २००० रुपये दाजींकडे आले आणि मागाहून सायबर पोलिसांनी त्या साखळीचा माग काढला, तर दाजींच्या खात्यातली रक्कमही गोठू शकते. मग ज्या खात्यावर पगार येतो आणि ज्यातून घराचा हप्ता जातो, त्यासाठी बँकेत आणि पोलीस ठाण्यात खेटे घालायची वेळ येते.

महादेव ॲपच्या प्रकरणात हीच रचना मोठ्या प्रमाणावर समोर आली. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार तिथे ‘पॅनेल’ नावाच्या शाखा वाटून नफ्याची विभागणी होत होती आणि पैसा बेनामी बँक खात्यांतून फिरत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले.

कायद्याची बाजूही आता बदलली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जाहिरातीला मदत करणाराही त्या कलमात येतो. घरच्या ग्रुपवरचा मेसेज म्हणजे जाहिरात का, हा वादाचा मुद्दा होऊ शकेल. पण दाजींनी त्या वादात सापडावे असे घरात कुणाला वाटेल?

तेव्हा आधी दाजींना एकट्यांना फोन करावा किंवा वेगळा मेसेज पाठवावा. ग्रुपवर पहिल्यांदा बोलले की माणूस मुद्दा सोडून मान राखायला धडपडतो, आणि त्यात ताईची कुचंबणा होते. मेसेज असा असू शकतो :

‘दाजी, ग्रुपवरची लिंक पाहिली. तुम्ही आमच्या भल्यासाठीच पाठवलीत, याबद्दल शंका नाही. पण एक बघा, आपल्यातलं कुणी हरलं की त्यातला वाटा लिंकवाल्याला मिळतो, असं त्यांच्या अटींत आहे का? शिवाय पैसे भरायला कुणाच्या तरी खासगी खात्याचा आयडी येतो, त्यामुळे उद्या तुमचंच खातं अडकू शकतं. नव्या कायद्यात प्रचार करणाऱ्यालाही शिक्षा आहे. मुलं ग्रुपवर आहेत, तेवढी लिंक काढून टाकाल का? तुमचे पैसे आत असतील तर आज संध्याकाळी बसून काढून घेऊ.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. अनेकदा दाजी स्वतःच अडकलेले असतात. गमावलेले भरून काढायला नवी माणसे आणायची, म्हणून ही लिंक फिरत असते. ‘किती गेले?’ असे विचारण्यापेक्षा ‘बसून काढून घेऊ’ म्हटले की माणूस मोकळे बोलतो. पैसे काढायला आधी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ भरा, असे ॲपवाले म्हणू लागले तर एक रुपयाही भरू नये. खरा कर जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, त्यासाठी वेगळे पैसे मागत नाहीत.

दाजींनी ऐकले तर त्यांनाच ग्रुपवर लिहू द्यावे : ‘ती लिंक वापरू नका, मी काढली आहे.’ नाही ऐकले तर ॲडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. मात्र आधी दाजींना सांगूनच काढावा. भाच्याशी वेगळे बोलावे, त्याने ॲप घेतले असेल तर ते काढायला लावावे आणि त्याच्या बँक खात्याचे व्यवहार सोबत बसून पाहावेत. फसवून पैसे घेतल्याचे लक्षात आले तर त्याच दिवशी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक आणि त्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते.