‘अर्वाच्य भाषा वापरली’ एवढ्याने भागत नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीचा वर्ग धरू. मारामारी केली म्हणून बाईंनी आदल्या दिवशी एका मुलाची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्याचे वडील थेट वर्गात शिरतात, टेबलावर हात आपटतात, शिव्या देतात आणि “बाहेर भेट, बघतो तुला” असा दम भरतात.

अशा वेळी कोण बरोबर, हा वाद मुलांसमोर घालू नये. शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलावून घ्यावं आणि “मुख्याध्यापकांसमोर बसून बोलू” एवढंच म्हणत राहावं. पालकाबरोबर एकटं बाहेर जाऊ नये.

खरं काम त्यानंतरचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. “जाऊ द्या बाई, गावात राहायचंय आपल्याला,” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तरी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज त्याच दिवशी लिहावा. दोन दिवसांनी लिहिलेल्या अर्जात संतापच जास्त उतरतो.

बहुतेक अर्जांत “पालकांनी अर्वाच्य भाषा वापरून अंगावर धाव घेतली” असं एकच वाक्य असतं. त्यातून वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. संकोच वाटला तरी शिवी जशीच्या तशी, अवतरणात लिहावी. “धाव घेतली” म्हणजे काय, तेही सांगावं: “ते टेबलाला वळसा घालून माझ्यापासून हातभर अंतरावर आले, उजवा हात उगारला, मला स्पर्श झाला नाही.” या तपशिलावर पुढचं बरंच अवलंबून असतं. भांडण पेटावं म्हणून केलेला अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम 352 खाली येतो. तो अदखलपात्र असल्याने पोलीस सहसा एनसी नोंदवून थांबतात. पण सरकारी नोकराला काम करू न देण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर झाला, तर कलम 132 लागू शकतं आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. या कलमात हात उगारणंही हल्ल्यात बसू शकतं, प्रत्यक्ष मार लागायलाच हवा असं नाही. कोणतं कलम लावायचं ते पोलीस बघतील. अर्जात फक्त घडलेलं असावं.

“ते दारू प्यायले होते” हा निष्कर्ष झाला. “तोंडाला दारूचा वास येत होता, बोलताना जीभ अडखळत होती” हे बाईंनी स्वतः अनुभवलेलं. आपण काय उत्तर दिलं, आवाज चढला असेल तर तोही, लिहून टाकावा. तो भाग गाळला आणि दुसऱ्या कुणी सांगितला, तर सगळाच अर्ज संशयास्पद ठरतो. साक्षीदार म्हणून सहकाऱ्यांची नावं द्यावीत. मुलांची नावं घालू नयेत, “वर्गात विद्यार्थी हजर होते” एवढं पुरे. सीसीटीव्ही असेल तर चित्रण राखून ठेवण्याची मागणी याच अर्जात करावी, कारण जुन्यावर नवं चढत जातं.

अर्ज आवक नोंदवहीत चढवून आपल्या प्रतीवर क्रमांक, तारीख आणि सही घ्यावी. नंतर काही आठवलं, तर मूळ अर्जात खाडाखोड न करता त्या दिवसाच्या तारखेचा पुरवणी अर्ज द्यावा.