आधी विभाजन, मग प्रमाणीकरण

संगणकीय प्रारूपाची पारख त्याने न पाहिलेल्या माहितीवर व्हावी लागते. समजा, एका पिकाचे सलग चार वर्षांचे भाव 10, 20, 30 व 100 रुपये आहेत. पहिले तीन प्रशिक्षणासाठी, चौथा चाचणीसाठी. चारही आकडे एकत्रितपणे 0 ते 1 या मर्यादेत बसविल्यास 30 चे 0.22 होतात. चौथ्या वर्षाची तेजी त्यात आधीच मिसळलेली असते. हीच माहितीची गळती होय. केवळ प्रशिक्षण-संचातील किमान व कमाल मूल्ये घेतल्यास 30 चे 1 आणि 100 चे 4.5 होतात; भाव पूर्वानुभवाबाहेर गेल्याचे उघड होते. मोठ्या संचाच्या यादृच्छिक विभाजनात हा फरक बहुधा नगण्य असतो. परंतु छोट्या वा कालानुक्रमी संचात चाचणीचा निकाल फसवा ठरू शकतो.