नातवाच्या फोनने डेटा संपत नाही

"ठेवते हं बाळा, नेट संपेल." वाईत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींचं न्यू जर्सीतल्या नातवाशी बोलणं बरेच दिवस याच वाक्यावर संपत असे. नातू सात वर्षांचा. त्याने चित्राची वही कॅमेऱ्यासमोर धरलेली असायची आणि अर्धं चित्र दाखवून व्हायच्या आतच आजी लाल बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. शेवटी त्याने आईला विचारलं, "आजीला माझ्याशी बोलायला आवडत नाही का?" लेकीने ते आजींना सांगितलं, आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानंतर त्यांच्या फोनचा डेटा नेमका जातो कुठे याचा शोध सुरू झाला.

आजींची भीती उगाच आलेली नव्हती. त्यांनी एसटीडी बूथच्या काचेमागे उभं राहून, समोरच्या यंत्रावर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे बघत संसार केला. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणं उरकून रांगेत उभं राहायचं आणि आधी घोकून ठेवलेली चार वाक्यं घाईघाईने बोलायची. पुढे मोबाइल आले. 2003 साली येणारे कॉल फुकट झाले आणि "मिस्ड कॉल देते, तू कर" ही रीत घराघरात रुजली. लेक अमेरिकेला गेली ती याच हिशोबात. म्हणून नातवाचा व्हिडिओ कॉल आला की आजींना दोन गोष्टी पक्क्या वाटत. फोन त्याने केला, म्हणजे खर्च त्याचा. तरीही तो परदेशातून येतो, म्हणजे आपलंही काहीतरी भराभर संपत असणार.

खरं पाहता यातलं काहीच इंटरनेटवरच्या कॉलला लागू पडत नाही. कॉल न्यू जर्सीहून येवो की पाचवडहून, आजींच्या फोनला सारखंच. अंतराचे वेगळे पैसे पडत नाहीत. कॉल कोणी लावला यानेही फरक पडत नाही, त्यामुळे मिस्ड कॉलची युक्ती इथे वाया जाते. आजींचा चेहरा त्यांच्या फोनवरून जातो आणि नातवाचा चेहरा त्यांच्या फोनवर येतो. हे जाणं-येणं दोन्ही आजींच्या खात्यात मोजलं जातं. तिकडे लेकीच्या घरी वायफाय असल्याने त्यांना त्याची फिकीर नसते, एवढाच काय तो फरक.

मग खर्च होतो तरी किती? व्हॉट्सॲपवरच्या साध्या व्हिडिओ कॉलला मिनिटाला पाचेक एमबी लागतात असं धरून चालावं. नेटवर्क जोरदार असेल तर जरा जास्त, अशक्त असेल तर कमी. आजींचा पॅक रोज दीड जीबीचा, म्हणजे साधारण पंधराशे एमबीचा. पंचवीस मिनिटं गप्पा मारल्या तर सव्वाशे एमबी जातील. दिवसाच्या वाट्याचा हा बारावा हिस्सा. नुसत्या आवाजाचा कॉल असेल तर मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा पुरतो.

हे आकडे आजींना सांगितले तर त्या लगेच म्हणाल्या, "मग रात्री नऊला त्याचा फोन आला की नेमका तेव्हाच 'संपलं'चा मेसेज कसा येतो?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर त्यांच्या फोनमध्येच होतं.

कोणतं ॲप किती डेटा खातं, याची यादी प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये Data usage या नावाखाली असते. व्हॉट्सॲपचा तपशीलवार हिशोब व्हॉट्सॲपमध्येच Settings, मग Storage and data, मग Network usage इथे मिळतो. कॉलवर किती गेलं, फोटो-व्हिडिओंवर किती, स्टेटसवर किती, सगळं वेगवेगळं. तळाशी Reset statistics आहे. सकाळी ते दाबून आकडे शून्यावर आणायचे आणि रात्री झोपताना बघायचं. आजींच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी एका शनिवारी हे करून बसली.

रात्रीचा ताळेबंद असा निघाला. सुमारे नऊशे एमबी यूट्यूबने घेतले होते. व्हॉट्सॲपने पावणेचारशेच्या आसपास घेतले, पण त्यातला नातवाचा कॉल जेमतेम सव्वाशेचा. उरलेले अडीचशे 'शुभ सकाळ'च्या व्हिडिओंचे, कुणाच्या तरी लग्नाच्या चित्रफितींचे, सांधेदुखीवरच्या उपायांचे. आजींनी त्यातले निम्मे उघडूनही पाहिले नव्हते. पण आलेला प्रत्येक व्हिडिओ फोन आपणहून उतरवून घेत होता.

यूट्यूबचा खुलासा तर बघण्यासारखा होता. आजी दुपारी वाती वळता वळता तासभर कीर्तन ऐकतात. फोन पाटावर पालथा ठेवलेला, कारण बुवांचा चेहरा बघायचा नसतो, आवाज पुरतो. फोनला मात्र ते कळत नाही. तो तासभर उत्तम प्रतीचं चित्र आणत राहतो आणि पाटाला दाखवतो. 720p दर्जाच्या तासाभराच्या चित्रणाला पाऊण ते एक जीबी लागू शकतो. तेच 144p वर ठेवलं तर आवाज ऐकण्याजोगा राहतो आणि काम शंभर-एक एमबीत भागतं.

म्हणजे दिवसभर डेटा खाल्ला कीर्तनाने आणि फॉरवर्डने, आणि रात्री नऊला शेवटचा घास नातवाच्या नावावर पडला. कॉल सापडला तो केवळ दिवसाच्या शेवटी आला म्हणून.

दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली. व्हॉट्सॲपच्या Storage and data मध्येच Media auto-download असतं. तिथे When using mobile data उघडून फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या सगळ्यांवरच्या खुणा काढल्या. आता व्हिडिओ धूसर दिसतो, आणि आजींनी बोट लावलं तरच उतरतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये Video quality preferences मध्ये Data saver निवडलं. कॉलसाठी Use less data for calls असाही एक खटका आहे. तो मुद्दाम बंदच ठेवला. त्याने चित्राचा दर्जा उतरतो, आणि जिथे डेटा मुळात कमी जातो तिथे काटकसर करून नातवाचा चेहरा धूसर करण्यात काय हशील?

दुसरा बदल वेळेचा केला. रोजचा वाटा मध्यरात्री बारा वाजता नव्याने भरतो आणि आजी पाचला उठतात. सकाळी सहाला फोन पूर्ण भरलेला असतो. तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेआठ. मार्च ते नोव्हेंबर तिकडची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, म्हणून हा फरक. नातवाची झोपायची वेळ, आजींच्या चहाची वेळ. शनिवारी पहाटे बोललं की तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळाही नाही.

एक घोळ मात्र राहिला होता. चित्र अडखळलं, चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले की आजींना वाटे, संपलं. तसं नसतं. व्हिडिओ कॉल नेटवर्कचा अंदाज घेत सतत चित्राचा दर्जा वरखाली करतो. रेंज कमी झाली की आधी चित्र बिघडवतो आणि आवाज वाचवतो. Reconnecting असं दिसलं तर दोघांपैकी कुणाची तरी रेंज गेलेली असते. तेव्हा मधल्या खोलीतून उठून खिडकीपाशी यायचं, वाड्याच्या जाड भिंती रेंज अडवतात. फोन हातात धरून घरभर फिरू नये हेही खरं, कारण हलत्या चित्रात दर क्षणी बदल जास्त आणि तो सगळा पाठवावा लागतो. आजींनी फोन डब्याला टेकवून ठेवायला सुरुवात केल्यावर चित्र सुधारलं. शिवाय नातवाला कानाऐवजी आजी दिसू लागली.

डेटा खरोखर संपला हे ओळखायचं कसं? अर्धा वाटा संपल्यावर, नव्वद टक्क्यांवर आणि पूर्ण संपल्यावर कंपनीचा संदेश येतो. त्यानंतरही नेट ठार बंद पडत नाही. बहुतेक रोजच्या पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. या वेगाने मिनिटाला जास्तीत जास्त अर्धा एमबी वाहतो, म्हणजे व्हिडिओ कॉलच्या गरजेचा दहावा भाग. चेहरा दिसणार नाही, पण आवाजाचा कॉल अडखळत का होईना लागू शकतो. लिहिलेला संदेश तर हमखास जातो, आणि हीच परीक्षा आहे. नातवाला नुसतं 'काय करतोस' लिहून पाठवायचं. बरोबरची खूण उमटली पण फोटो मात्र गोल गोल फिरत राहिला, तर वाटा संपलाय. संदेशापाशीच घड्याळाचं चिन्ह अडकलं, तर रेंज नाही किंवा नेट बंद आहे. वेग उतरला म्हणून पैसे कापले जात नाहीत, हे ऐकून आजींनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांना बिल येईल असं वाटत होतं. अगदीच नड असेल त्या दिवशी एक जीबीचा जादा पॅक वीस रुपयांच्या आसपास मिळतो. भाजीवाल्याशी घासाघीस करून आजी आठवड्याला याहून जास्त वाचवतात.

खरी सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे पॅकची मुदत. ती महिन्याची नसून बहुतेकदा 28 दिवसांची असते, त्यामुळे वर्षाला तेरा रिचार्ज लागतात आणि तारीख मागे मागे सरकत राहते. मुदत सरली की 64 चा वेगही उरत नाही. आजींनी आता पंचांगाच्या कॅलेंडरवर एकादशीसारखीच रिचार्जची तारीख लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.

परदेशातल्या लेकीसुनांना आणि मुलांना एक सांगणं. सुट्टीत घरी आलात की नवा फोन घेऊन देण्याआधी असलेला फोन हातात घ्या. आपोआप उतरणारे व्हिडिओ बंद करा, यूट्यूबचा दर्जा खाली आणा, आणि दिवसाचा हिशोब कुठे बघायचा ते आईला तिच्याच बोटाने दोनदा करायला लावा. आणि फोन शक्यतो तिच्या सकाळी करा.