पस्तीस मीटरचा हिशेब

गाडी किती धावू शकते यावरून वेगमर्यादा ठरत नाही. ती कुठे थांबू शकते यावरून ठरते. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटर, बसला १०० आणि मालट्रकला ८० अशी कमाल मर्यादा होती. भरलेल्या ट्रकचं वजन मोटारीच्या कितीतरी पट, त्यामुळे त्याच वेगात त्याच्या ब्रेकना कितीतरी जास्त ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून त्याला कमी वेग. इंजिनं आणि रस्ते सुधारले, मग वेग का वाढवू नये, असा युक्तिवाद या अधिसूचनेतल्या वाढीव मर्यादांमागे होता. मद्रास उच्च न्यायालयाला तो पटला नाही आणि २०२१ मध्ये त्याने ती अधिसूचना रद्द ठरवली. यंत्र सुधारलं तरी चालवणाऱ्याला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा वेळ तोच राहतो.

तंजावर शहरातलं राजा मिरासदार रुग्णालय घ्या. इथे प्रसूती आणि बालरोगाचे उपचार होतात, म्हणजे बाळंतिणी, तान्ही मुलं आणि धावपळीतले नातेवाईक दारासमोरच्या रस्त्यावर येणारच. समजा, गाडीपासून ३५ मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आलं. भारतीय रस्तेबांधणीच्या मानकांत चालकाच्या प्रतिसादासाठी अडीच सेकंद धरतात. ताशी ३० ने येणारी गाडी तेवढ्यात २१ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी ९ मीटर घेते आणि मुलाच्या ५ मीटर अलीकडे थांबते. ताशी ४० ची गाडी ब्रेक लावूनही सुमारे ३० च्या वेगाने आदळते. ताशी ५० ची तर अडीच सेकंदांतच जवळजवळ ३५ मीटर संपवते. ब्रेकचा उपयोग सुरू होतो न होतो तोच धडक बसते.

अशा दारासमोर ३० ची मर्यादा हवी म्हटलं, की बहुसंख्य चालक ज्या वेगाने जातात तोच योग्य, असा एक आक्षेप असतो. अभियंते वाहनांचे वेग मोजून ८५ टक्के चालक ज्या वेगाच्या आत असतात तो आधाराला घेतात, हे खरं. मोकळ्या महामार्गावर ते ठीक आहे. रुग्णालयाच्या दारात मात्र त्या मोजणीत रस्ता ओलांडणारं मूल कुठेच येत नाही. रुग्णवाहिकेला उशीर होईल, हा दुसरा आक्षेप. सायरन वाजवत जाणाऱ्या रुग्णवाहिकेला वेगमर्यादेत सवलत असते. इतरांचं म्हणाल, तर ३०० मीटरच्या पट्ट्यात ५० ऐवजी ३० ने गेल्यास जेमतेम १४ सेकंद जास्त लागतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर मर्यादा कमी करू शकतं. मात्र एका महिन्याहून जास्त काळासाठी राजपत्रात अधिसूचनाही लागते आणि जागेवर फलकही. तेवढं करूनही रुंद, सरळ रस्ता चालकाला वेग घ्यायला सुचवतच राहतो. म्हणून फलक बसल्यावर वेग पुन्हा मोजावा. तो उतरला नसेल तर रस्ता ओलांडायला उंचावलेला पट्टा बांधावा किंवा रस्ता तिथे अरुंद करावा, कारण ३० चा आकडा गाड्या खरोखर ३० ने जाऊ लागल्या तरच मुलाला वाचवतो.