लेकीच्या नावाची ठेव

समजा, वडील गेले आणि बारा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला 9 लाख रुपये आले. आई ही हिंदू कायद्यानुसार तिची नैसर्गिक पालक. पैसा मात्र मुलीचाच. म्हणून पहिली गोष्ट, तो आईच्या पगाराच्या खात्यात मिसळू नये. मुलीच्या नावाने खाते काढून त्यातूनच मुदत ठेव करावी. आईची सही ‘पालक’ म्हणून असते. शाळेची फी, औषधपाणी यांसाठी पैसे काढता येतात, पण पावत्या जपून ठेवाव्यात. घराचे हप्ते त्यातून भरणे हा सरळ गैरवापर, मग हेतू कितीही चांगला असो. वारशात जमीन किंवा फ्लॅट असेल, तर तो विकण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते.

सात टक्क्यांनी वर्षाला 63,000 रुपये व्याज येईल. अनेकांना वाटते, मुलीला कर नाही. पण हे व्याज आईच्या उत्पन्नात धरले जाते, आणि ते विवरणपत्रात दाखवायचे राहिले की नोटीस येऊ शकते.

अठरावा वाढदिवस झाला की आईची सही चालत नाही. मुलीने नव्याने केवायसी करायची, पॅनवर फोटो व सही घालून घ्यायची, बँकेत सहीचा नमुना द्यायचा; तोवर खात्याचे व्यवहार अडू शकतात. म्हणून कॉलेज प्रवेशाची फी भरायची तारीख या सुमारास येत असेल, तर कागद महिनाभर आधीच जमवावेत. पुढे पैशाचे काय करायचे, हे मुलगी ठरवणार, आणि आईकडे हिशेबही मागू शकणार.